पलंगावरून उतरतानाची पहिली दहा पावलं

रात्री झोपताना पाय बरा असतो. सकाळी डोळे उघडतात तेव्हाही तो बराच असतो. मग पाय खाली सोडून उभं राहिलं, की टाचेत कुणीतरी खिळा ठोकल्यासारखी कळ येते आणि माणूस भिंत धरून, टाच उचलून, चवड्यावर लंगडत बाथरूमकडे निघतो. दहा-वीस पावलांत कळ ओसरायला लागते. अर्ध्या तासाने तर वाटतं, छे, काही झालंच नव्हतं. बरं वाटलं म्हणून दुखणं अंगावर काढलं जातं आणि माझ्यासारख्या फिजिओथेरपिस्टकडे माणूस येतो तोवर पाच-सहा महिने उलटलेले असतात.

या दुखण्याचं नाव प्लांटर फॅशिआयटिस. बहुतेक वेळा मी पेशंटचा पाय बघायच्या आधी एकच प्रश्न विचारते: सगळ्यात जास्त कधी दुखतं? ‘सकाळी उठल्यावर, पहिल्या पावलाला’ आणि ‘बराच वेळ बसून उठलं की’, अशी दोन्ही उत्तरं आली की निदान जवळपास झालेलं असतं. उरलेलं काम अंगठा करतो. टाचेची मऊ गादी जिथे पुढे संपते, तिथे पायाच्या आतल्या बाजूला एक जागा आहे. तिथे दाबलं की पेशंट खुर्चीतून उडतो.

आता ते पहिलं पाऊलच का दुखतं, हे नीट समजून घेऊ. पुढचे सगळे उपाय त्याच्यावरच उभे आहेत.

तळपायात त्वचेखाली एक जाड, पांढरी, चिवट पट्टी असते. तिलाच प्लांटर फॅशिया म्हणतात. ती टाचेच्या हाडापासून निघते, पुढे पंख्यासारखी पसरते आणि पाचही बोटांच्या मुळाशी जाऊन बसते. पायाची कमान ताणून धरायचं मुख्य काम तिचं. धनुष्याला जशी दोरी, तशी कमानीला ही पट्टी. पण धनुष्याची दोरी जागच्या जागी असते. ही पट्टी प्रत्येक पावलागणिक हलते, आणि कशी, ते आत्ता बसल्या बसल्या बघता येईल. एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. पायाचा अंगठा हाताने धरून नडगीच्या दिशेने मागे वळवा. तळव्यात, आतल्या बाजूला, एक दोरी ताठ होऊन वर येईल आणि कमान आपोआप उंचावेल. अंगठा सोडला की दोरी गायब.

ही रहाटाची करामत आहे. रहाट फिरवला की दोर त्याच्यावर गुंडाळला जातो आणि खालचं ओझं वर येतं. इथे बोटांच्या मुळाचा सांधा हा रहाट, फॅशिया हा दोर आणि टाच हे ओझं. चालताना टाच उचलली जाते, बोटं वळतात, दोर ताणला जातो, कमान घट्ट होते आणि पाय पुढे ढकलायला एक टणक तरफ मिळते. जॉन हिक्स या ब्रिटिश संशोधकाने १९५४ साली पायाची ही रचना मांडली तेव्हा रहाटासारख्या यंत्राचंच नाव तिला दिलं होतं.

रात्री काय होतं? झोपेत पाऊल घोट्यातून खाली झुकलेलं असतं, पांघरुणाचा भार वर असतो, पोटरी सैल असते. पट्टी सहा-सात तास आखडलेल्या स्थितीत पडून राहते आणि ताठरते. मग आपण उठतो आणि अंगाचं सगळं वजन एकदम त्या पायावर टाकतो. कमान खाली दबते, दोर खेचला जातो, आणि सगळा ताण येतो तो दोर हाडाला जिथे बांधलाय त्या गाठीवर. नेमकी तीच जागा आधीच खराब झालेली असते. तळपायाची आग मस्तकात जाणं हा वाक्प्रचार ज्याने काढला, त्याची टाच सकाळी दुखत असावी असं मला राहून राहून वाटतं. थोडं चाललं की पट्टी पुन्हा लवचिक होते आणि कळ कमी होते. दिवसभर उभं राहून संध्याकाळ झाली की तीच जागा थकून ठणकायला लागते. हा झाला दुसरा, वेगळा ठणका.

‘आधीच खराब’ म्हणजे काय, हेही सांगायला हवं. दुखण्याच्या नावातला ‘आयटिस’ हा शब्द दाह सुचवतो. सूज, लाली, गरमपणा. पण २००३ साली ऑपरेशनमध्ये काढलेल्या या पट्टीचे ५० नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले, तेव्हा दाहाच्या खुणा सापडल्या नाहीत. सापडली ती झीज: विस्कटलेले तंतू आणि अर्धवट राहिलेली दुरुस्ती. हा जळका दोर नाही, पिळा सुटलेला दोर आहे. म्हणून वेदनाशामक गोळीने चार दिवस बरं वाटतं आणि गोळी थांबली की कळ परत हजर. दोराचे तंतू नव्याने विणले जायला महिने लागतात. तो वेळ आपल्याला वाचवता येत नाही. रोज सकाळी पुन्हा पिळा उसवणं मात्र थांबवता येतं.

हाड वाढलंय, असं सांगितलं होतं

गेल्या वर्षी एक शिक्षिका आल्या. वय ४८, दिवसाचे पाच तास वर्गात उभ्या. उजवी टाच पाच महिने दुखत होती. हातात एक्सरे होता आणि डोक्यात एकच वाक्य: ‘टाचेचं हाड वाढलंय.’ एक्सरेत खरोखरच टाचेच्या हाडाला पुढच्या बाजूने बारीक काट्यासारखा कोंब दिसत होता. त्यांची समजूत अशी झाली होती, की हा काटा आतून टोचतोय आणि तो काढल्याशिवाय काही खरं नाही.

असा काटा असलेली आणि टाच अजिबात न दुखणारी माणसं पुष्कळ आहेत. टाच दुखते पण एक्सरेत काटा नाही, अशीही आहेत. दुखणं बरं झालं तरी काटा तिथेच राहतो. म्हणून एक्सरेवरच्या काट्यावर उपचार करायचे नसतात. बाईंना मी एक्सरे पाकिटात घालायला सांगितला आणि मागच्या वर्षभरात काय काय बदललं ते विचारलं.

तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. वजन वाढलं म्हणून त्यांनी पहाटे चालायला सुरुवात केली होती. पहिल्याच आठवड्यापासून रोज पाच किलोमीटर, पायात पातळ, सपाट तळाच्या चपला. त्यात दिवसभर कडक फरशीवर उभं राहायचं आणि घरी आल्यावर अनवाणी. पट्टीवरचा भार महिनाभरात दुपटीवर गेला होता. तिला जुळवून घ्यायला सवड मिळालीच नाही.

मग मी पोटरी तपासली. ही चाचणी घरी कुणालाही करता येते. भिंतीसमोर उभं राहायचं, पाऊल भिंतीकडे सरळ ठेवायचं आणि टाच जमिनीला टेकलेली असतानाच गुडघा पुढे नेऊन भिंतीला लावायचा. पाऊल थोडं थोडं मागे सरकवत जायचं. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतोय, त्या शेवटच्या जागी अंगठ्यापासून भिंतीचं अंतर मोजायचं. बाईंच्या डाव्या पायाचं अंतर ९ सेंटिमीटर भरलं. दुखऱ्या उजव्याचं ४. पोटरी आखडलेली असली की घोटा पुरेसा वाकत नाही, आणि घोट्याने न केलेलं काम कमानीला करावं लागतं. ती जास्त दबते, पट्टी जास्त खेचली जाते. घोटा कमी वाकणं, जास्त वजन आणि दिवसभराचं उभं काम, या दुखण्यामागे ही तीन कारणं पुन्हा पुन्हा दिसतात. बाईंच्या बाबतीत तिन्ही होती.

त्यांनी आपल्या परीने उपायही केले होते. गोठवलेल्या पाण्याची बाटली तळव्याखाली जोर लावून अर्धा-अर्धा तास फिरवायच्या आणि दुसऱ्या दिवशी जास्त दुखायचं. बाटली वाईट नाही. पाच-दहा मिनिटं, हलक्या हाताने, संध्याकाळच्या ठणक्यासाठी ठीक आहे. पण झिजलेल्या गाठीवर अर्धा तास दाब देणं म्हणजे जखमेची खपली रोज काढण्यासारखं. आणि मधुमेहामुळे ज्यांच्या तळव्याला संवेदना कमी आहे, त्यांनी बर्फाच्या भानगडीत पडूच नये, कातडी गारठून इजा झाली तरी कळत नाही.

पाय जमिनीला लावायच्या आधी

ताणाचा व्यायाम त्या करत होत्या, पण आवरून झाल्यावर, साडेसातला. म्हणजे तोवर दीडशे-दोनशे पावलं टाकून झालेली. ज्या पहिल्या पावलाला सगळं नुकसान होतं, ते आधीच होऊन गेलेलं.

हा व्यायाम पलंगाच्या काठावर बसून, उभं राहण्याच्या आधी करायचा असतो. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा घ्या. उजवा पाय असेल तर उजव्या हाताने पाचही बोटं मुळाशी पकडा, टोकाशी नाही. बोटं नडगीच्या दिशेने मागे ओढा, घोटाही त्याच दिशेने वळू द्या. डाव्या हाताचा अंगठा तळव्यावर फिरवून बघा. दोरी ताठ लागली पाहिजे. ती लागत नसेल तर ताण पोचलेला नाही. त्या स्थितीत दहा आकडे मोजा, सोडा, पुन्हा ओढा. असं दहा वेळा. सगळं मिळून दोन-अडीच मिनिटं लागतात. दिवसातून तीनदा करायचं. त्यातली एक वेळ सकाळच्या पहिल्या पावलाआधीची, ती चुकवायची नाही. उरलेल्या दोन वेळा बराच वेळ बसून उठण्याआधी आल्या तर उत्तम, कारण तिथेही पट्टी तशीच आखडलेली असते.

२००३ सालच्याच एका अभ्यासात, दहा महिन्यांहून जास्त काळ टाच दुखणाऱ्या लोकांचे दोन गट केले होते. एका गटाने हा ताण दिला, दुसऱ्याने फक्त पोटरीचा ताण दिला. आठ आठवड्यांनी पहिला गट पुढे होता, विशेषतः सकाळच्या पहिल्या पावलाच्या बाबतीत. मला या निकालाचं नवल वाटत नाही. पोटरीच्या ताणात बोटं सपाटच राहतात, म्हणजे रहाट फिरतच नाही.

तरी बाईंना मी पोटरीचा ताणही दिला, कारण त्यांचे ते ४ सेंटिमीटर. भिंतीला हात लावून दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच घट्ट टेकलेली, आणि अंग पुढे झुकवायचं. तीस सेकंद, तीन वेळा. मग तोच पाय गुडघ्यात किंचित वाकवून पुन्हा तीन वेळा, म्हणजे पोटरीचा आतला, खोलवरचा स्नायूही ताणला जातो. यात एक चूक जवळपास सगळे करतात. मागच्या पायाचं पाऊल बाहेरच्या बाजूला फिरवतात. तसं केलं की घोटा पळवाट काढतो, कमान चपटी होते आणि ताण पोटरीऐवजी पट्टीवर येतो. बोटं भिंतीकडे सरळ हवीत.

ताण हा अर्धाच भाग झाला. दोर मजबूत व्हायला त्याला भार द्यावा लागतो, मोजून मापून. दोन-तीन आठवड्यांत कळ जरा मवाळ झाली की मी पायरीवरचा व्यायाम सुरू करते. एक छोटा टॉवेल गुंडाळून पायरीच्या कडेवर ठेवायचा आणि बोटं त्याच्यावर चढवायची, म्हणजे बोटं मागे वळलेली राहतात आणि दोर ताणात राहतो. टाच पायरीबाहेर. कठड्याला धरून तीन सेकंदांत टाच वर, वर दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. बारा वेळा झालं की दम खाऊन पुन्हा, अशा तीन फेऱ्या. रोज नाही, दिवसाआड. सुरुवात दोन्ही पायांवर, मग एका पायावर, आणि तेही सोपं वाटायला लागलं की पाठीवरच्या पिशवीत वजन घालून, फेऱ्या वाढवून पण उचलण्याची संख्या थोडी कमी करून. हा व्यायाम आणि ताण यांची तुलना २०१५ साली प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी पायरीवाले पुढे होते, वर्षभराने दोन्ही गट सारखेच. माझ्या हिशेबी वर्षाअखेर सगळ्यांना बरं वाटणार असलं, तरी तीन महिने आधी बरं वाटण्याला किंमत आहे.

व्यायाम करताना थोडं दुखणार. किती दुखलं तर चालेल? दहापैकी चार-पाचपर्यंत. पण खरा पंच आहे दुसऱ्या दिवशीचं पहिलं पाऊल. ते नेहमीइतकंच किंवा कमी दुखलं, तर आदल्या दिवशीचा भार पट्टीला झेपला. जास्त दुखलं, तर भार जास्त झाला, एक फेरी कमी करायची. बाईंना मी एक वही करायला सांगितली. रोज सकाळी, ताण देऊन झाल्यावर, पहिल्या दहा पावलांना दहापैकी एक आकडा द्यायचा, बस. गणिताच्या शिक्षिका असल्याने त्यांनी लगेच आलेखाचा कागद आणला.

पायात काय घालायचं

पहिली गोष्ट पलंगाशेजारी ठेवायच्या चपलेची. पहिलं पाऊल उघड्या फरशीवर पडताच कामा नये. घरातली म्हणून जी सगळ्यात जुनी, चपटी झालेली स्लिपर वापरतात, ती या कामाला निरुपयोगी. टाचेखाली जाड गादी आणि मधे कमानीला उंचवटा असलेली एक जोडी घरासाठी वेगळी ठेवायची, आणि बाथरूममध्येही अनवाणी जायचं नाही. निदान तीन महिने तरी.

बाहेरच्या बुटाला तीन ठिकाणी दाबून बघा. दोन्ही टोकं धरून बूट वाकवा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, जिथे पाऊल वाकतं. मधोमध घडी पडत असेल तर तो कमानीला आधार देणार नाही. मग ओल्या कपड्यासारखा पिळून बघा. सहज पिळला जाणारा बूट नको. शेवटी मागची भिंत, जी टाचेला कवेत घेते, ती अंगठ्याने दाबा. ती चेपली न जाता ताठ राहायला हवी. टाचेकडची बाजू पुढच्यापेक्षा सेंटिमीटरभर उंच असली तर चांगलं, पोटरीचा ओढा तेवढाच कमी होतो. उंच टाचा मात्र नकोत. त्यांनी तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण पोटरी आणखी आखडते.

लोक इथे फसतात ते मऊपणाला. दुकानात बोट दाबलं की आत जातं, पाय घातला की ढगावर उभं राहिल्यासारखं वाटतं. पंधरा मिनिटांनी तोच फोम एका बाजूला दबतो, पाय आत कलतो आणि पट्टी दिवसभर खेचली जाते. बाईंनीही अशीच जोडी आणली होती. मऊ थर वरून हवा, पण त्याच्याखाली ठाम तळ हवा. बूट जुना झाला असेल तर टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला झुकलेली दिसली की त्याचं आयुष्य संपलं.

इनसोलबद्दल हमखास विचारलं जातं. पावलाचा साचा घेऊन बनवलेले महागडे इनसोल आणि तयार मिळणारे ठाम इनसोल यांची वर्षभर तुलना करणारा अभ्यास २००६ साली आला, त्यात दोन्हींत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. सुरुवातीच्या महिन्यांत दोन्हींचा थोडा उपयोग होतो. म्हणून आधी तयार घ्या. साचा घेऊन बनवायची गरज फार वेगळ्या ठेवणीच्या पायांनाच पडते.

रात्री पाऊल काटकोनात धरून ठेवणारा पट्टा मिळतो. ज्यांचं पहिलं पाऊल सहा महिन्यांनंतरही तितकंच दुखतं, त्यांना त्याचा फायदा होऊ शकतो. अडचण इतकीच, की मध्यरात्री दोन वाजता बरेच जण तो काढून फेकतात. पालथं झोपायची सवय असेल तर पावलं गादीच्या काठाबाहेर सोडून झोपा, एवढ्यानेही पाऊल खाली ताणलं जाणं कमी होतं.

किती दिवस

दिवसांत मोजू नका. आठवडेही लहान माप आहे. नीट व्यायाम केला तर सहा ते बारा आठवड्यांत फरक जाणवतो, आणि ऑपरेशनशिवाय साधारण दहापैकी आठ-नऊ जण वर्षभरात बरे होतात. दुखणं जितकं जुनं, तितका वेळ जास्त.

बाईंच्या आलेखावर पहिल्या दिवशी ७ होता. दोन आठवड्यांनी ६. त्या वैतागून आल्या: ‘मॅडम, पंधरा दिवस इतकं सगळं केलं आणि एकच मार्क?’ मी विचारलं, कळ किती पावलांनी ओसरते? आधी बाथरूमच्या दारापर्यंत लंगडावं लागायचं, आता पाच-सहा पावलांत टाच टेकवता येत होती. सुधारणा अशीच येते. आधी कळीची लांबी कमी होते, मग तिची धार जाते, आणि संध्याकाळचा ठणका सगळ्यात शेवटी निघतो. फक्त धारेकडे बघत बसलं तर पहिल्या महिन्यात निराशाच पदरी पडते.

पहाटेचं चालणं मी पूर्ण बंद केलं नव्हतं. पाचाचं दीड किलोमीटर केलं, आणि पहिल्या पावलांचा आकडा सलग आठवडाभर चढला नाही तरच पुढच्या आठवड्यात थोडं वाढवायचं, असं ठरवलं. वर्गात दर तासाला पाच मिनिटं खुर्ची. सहाव्या आठवड्यात आकडा ४ वर आला. सातव्यात शाळेची सहल निघाली, त्या दिवसभर उभ्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी आलेख थेट ६ वर. बाईंना वाटलं सगळं पाण्यात गेलं. तसं नसतं. एका दिवसाच्या जादा भाराने पट्टी चिडते, उसवत नाही. चार दिवस पायरीचा व्यायाम थांबवला, ताण चालू ठेवला, आठवड्याने आकडा पुन्हा ४. बाराव्या आठवड्यात तो २ झाला आणि उजव्या घोट्याचं भिंतीपासूनचं अंतर ८ सेंटिमीटर भरलं.

याच काळात इंजेक्शनचा मोह होतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे छान आराम पडतो, हे खरं. पण तीन महिन्यांनी त्याचा फारसा मागमूस उरत नाही, आणि पुन्हा पुन्हा घेतलं तर पट्टी तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. ती गादी एकदा झिजली की परत भरत नाही. एखाद्याला दुखण्यामुळे व्यायामच करता येत नसेल, तर डॉक्टर एखादं इंजेक्शन सुचवतात, तो भाग वेगळा. टाचेवर बाहेरून यंत्राने ध्वनिलहरींचे ठोके देणाऱ्या शॉकवेव्ह उपचाराचा विचार तीन ते सहा महिने व्यायाम करूनही अडलं असेल तर करायचा. ऑपरेशन अगदी शेवटी, आणि क्वचित.

प्रत्येक दुखरी टाच म्हणजे हेच दुखणं, असं मात्र नाही. जितकं चालावं तितकं वाढत जाणारं दुखणं आणि टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबल्यावर उठणारी कळ हाडाला बारीक तडा गेल्याची खूण असू शकते. मुंग्या, बधिरपणा, जळजळ असेल तर घोट्याजवळ नस दबलेली असू शकते. टाचेच्या अगदी मधोमध, दगडावर उभं राहिल्यासारखं दुखणं हे गादी झिजल्याचं लक्षण. तरुण वयात दोन्ही टाचा एकदम दुखतात, सकाळी कंबर अर्धा-पाऊण तास आखडलेली असते, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. चालताना किंवा पळताना तळव्यात ‘फट’ असा आवाज येऊन एकदम सूज आली, निळं पडलं, तर पट्टी तुटलेली असू शकते. टाच लाल आणि गरम होऊन ताप आला, किंवा पाय नुसता पडून असतानाही रात्री दुखणं थांबत नाही, अशा वेळी व्यायाम थांबवून लगेच डॉक्टर गाठायचा. आणि दहा-बारा वर्षांच्या खेळणाऱ्या मुलाची टाच दुखत असेल तर ती टाचेच्या वाढत्या हाडाची तक्रार असते, हा लेख तिच्यासाठी नाही.

सहाव्या महिन्यात बाई शेवटच्या आल्या तेव्हा आलेखावर सलग नऊ दिवस शून्य होतं, आणि दहाव्या दिवसाची जागा रिकामी. त्या दिवशी त्या पलंगाच्या काठावर बसायचंच विसरल्या, थेट उठून चालायला लागल्या, आणि दात घासताना लक्षात आलं. मी त्यांना सकाळचा ताण बंद करायला सांगितला. पायरीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा, आणखी तीन महिने. पलंगाशेजारची चप्पल तिथेच राहू द्या म्हटलं.